मुद्द्याला विचारवंत आणि उदाहरण कसं जोडायचं: राज्यशास्त्र व समाजशास्त्र वैकल्पिकच्या उत्तरांसाठी

यूपीएससी मेन्सला राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या सरावाच्या कॉप्या मी तपासतो. त्यात एकच चूक वारंवार दिसते. मुलाने टॉपरच्या कॉपीत पाहिलेलं असतं की प्रत्येक पानावर चार-पाच नावं आहेत आणि त्यांखाली रेघा आहेत. मग तोही नावं भरतो. दहा गुणांच्या उत्तरात सात विचारवंत येतात, शेवटी ‘उदा.’ लिहून दोन जातींची नावं येतात आणि गुण मात्र साडेतीनच्या पुढे सरकत नाहीत. नावं कमी पडली म्हणून हे होत नाही. नाव आणि मुद्दा यांना सांधणारं वाक्यच त्या उत्तरात नसतं.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. सगळी कृती मी ‘संस्कृतीकरण’ या एकाच संकल्पनेवर करून दाखवतो आणि शेवटाकडे राज्यशास्त्रातला एक दाखला घेतो.

## सुरुवातीआधी: हाताशी काय हवं

चांगले गुण मिळालेल्या पाच-सहा कॉप्या पुरेत, पण त्या एकाच प्रश्नावरच्या किंवा निदान एकाच घटकावरच्या असाव्यात. पन्नास वेगवेगळे विषय चाळण्यापेक्षा ‘जात आणि गतिशीलता’ यावरची पाच उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. सोबत प्रमाण पाठ्यपुस्तक, पेन्सिल आणि कार्डांचा एक गठ्ठा ठेवा.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. बाजारात ‘टॉपरची कॉपी’ म्हणून जी फिरते, ती जवळजवळ नेहमी टेस्ट सिरीजची कॉपी असते. आयोग तपासलेल्या मेन्सच्या उत्तरपत्रिका देत नाही. उमेदवाराला पेपरचे एकूण गुण कळतात, उत्तरागणिक कळत नाहीत. म्हणजे त्या पानावर दिसणारे साडेसहा गुण कुठल्या तरी क्लासच्या तपासनिसाने दिलेले आहेत. कॉपीचा उपयोग आहेच. फक्त ‘अमुक नाव लिहिलं म्हणून गुण मिळाले’ असा अर्थ तिच्यातून काढू नका. त्याच मुलाच्या तीन-चार कॉप्यांत जी सवय पुन्हा पुन्हा दिसते, तेवढीच विश्वासाने उचला.

## टप्पा १: कॉपी वाचू नका, खुणा करा

उत्तराच्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलने एक अक्षर लिहा. सिद्धांताचा मुद्दा असेल तर ‘मु’, विचारवंत असेल तर ‘वि’, उदाहरण असेल तर ‘उ’. आणि या तिन्हींपैकी काहीच नसून ‘यावरून असं दिसतं की’, ‘इथे पैसा आधी आला, दर्जा नंतर’ अशा धाटणीचं वाक्य असेल, तर त्याला ‘दु’, म्हणजे दुवा.

पाच उत्तरांवर खुणा झाल्या की समास वरून खाली वाचा. कमी गुणांच्या उत्तरात ‘वि, वि, वि, मु, उ, उ’ अशी रांग लागलेली असते. चांगल्या उत्तरात ‘मु, वि, उ, दु’ अशी चौकडी फिरत राहते. कधी ‘मु, उ, दु’ एवढंच असतं आणि नाव नसतंच. नाव नसलेले मुद्दे मोजून पाहा. बऱ्याच मुलांना इथे धक्का बसतो, कारण चांगल्या उत्तरातले दोन-तीन मुद्दे बिननावाचे असतात.

मी स्वतः तयारी करत होतो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका क्लासने वाटलेली ‘महत्त्वाचे विचारवंत व अवतरणे’ अशी यादी मी घोकली आणि पहिल्याच सराव परीक्षेत ती जवळजवळ अख्खी ओतून आलो. तपासनिसाने एका ओळीत शेरा मारला होता, ‘पाहुणे आले, यजमान कुठे आहे?’

तपासा: कॉपीतलं ‘दु’ लिहिलेलं प्रत्येक वाक्य हाताने झाका आणि उत्तर पुन्हा वाचा. मुद्दा आणि उदाहरण सुटे सुटे वाटू लागले, तर खूण बरोबर केली आहे. काहीच फरक पडला नाही, तर ते वाक्य दुवा नव्हतं, नुसती भर होती.

## टप्पा २: मुद्दा आधी बिननावाचा लिहा

आता आपलं उत्तर घेऊ. सरावासाठी मी दिलेला प्रश्न असा आहे: ‘जातिव्यवस्थेतील गतिशीलता समजून घेण्यास संस्कृतीकरणाची संकल्पना कितपत पुरेशी आहे?’

पहिल्या कच्च्या आराखड्यात एकही नाव लिहायचं नाही. फक्त युक्तिवाद लिहायचा. माझा आराखडा असा होईल:

एक, खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार उचलून काही पिढ्यांत वरचं स्थान मागतात. दोन, त्यामुळे एका जातीची पायरी बदलते, जिना तसाच राहतो. तीन, आचार बदलण्याआधी बहुधा पैसा, जमीन किंवा राजकीय बळ आलेलं असतं. चार, अस्पृश्य ठरवलेल्या जातींसाठी हा मार्ग बहुधा बंदच राहिला, त्यामुळे त्यांनी दुसरे मार्ग शोधले. पाच, आज कित्येकदा मागणी उलट्या दिशेने होते.

हे पाच मुद्दे सुचले नाहीत, तर पुढच्या टप्प्यांचा काही उपयोग नाही. नावं पाठ असणं आणि मुद्दा सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव मुद्द्याला बळ देतं, पण मुद्द्याची जागा भरून काढत नाही.

सावध: ‘संस्कृतीकरणाचे फायदे व तोटे’ असा आराखडा केलात की नावं लटकवायला खुंट्याच उरत नाहीत. आराखड्यातला प्रत्येक मुद्दा एखादं विधान असावा, कुणीतरी नाकारू शकेल असा. ‘जिना तसाच राहतो’ हे विधान आहे. ‘संस्कृतीकरणाच्या मर्यादा’ हे नुसतं शीर्षक झालं.

## टप्पा ३: विचारवंताला काम द्या

उत्तरात आलेलं नाव तीनपैकी एक काम करतं. एक तर तो मुद्दा मुळात त्याने मांडलेला असतो, किंवा त्याने तो प्रत्यक्ष गावात जाऊन तपासलेला असतो, किंवा तो त्याने खोडलेला असतो. यांपैकी कुठलंही काम नसेल, तर ते नाव पाहुणं आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या मुद्द्याला एम. एन. श्रीनिवास हवेतच. संकल्पना त्यांची आहे; कूर्ग लोकांवरच्या १९५२च्या त्यांच्या पुस्तकातून ती पुढे आली. त्यांनी आधी वापरलेला ‘ब्राह्मणीकरण’ हा शब्द मागे पडला, कारण अनुकरण दर वेळी ब्राह्मणांचंच होत नाही. त्या भागातली प्रबळ जात, क्षत्रिय किंवा वैश्य हेही नमुना ठरतात. शिवाय यातून व्यवस्थेतलं स्थान बदलतं, रचना बदलत नाही, हेही श्रीनिवासांनीच म्हटलं आहे. हे विसरून कित्येक मुलं हाच मुद्दा ‘श्रीनिवासांवरील टीका’ म्हणून लिहितात. टीकाकाराच्या तोंडी मूळ लेखकाचंच वाक्य घातलेलं वाचलं की तपासनिसाला कळतं, मुलाने फक्त नोट्स वाचल्यात.

तिसऱ्या मुद्द्याला एफ. जी. बेली. ओडिशातल्या बिसिपारा गावावरचं त्यांचं पुस्तक १९५७चं आहे आणि हा मुद्दा त्यांनी त्या गावात तपासला आहे. चौथ्याला ओवेन लिंच, आग्र्याच्या जाटव समाजावरचा त्यांचा अभ्यास १९६९चा. पाचव्या मुद्द्याला मी कुणाचंच नाव घालणार नाही. तिथे महाराष्ट्रातली घटनाच पुरेशी बोलकी आहे.

पाच मुद्द्यांना तीन नावं झाली. वीस गुणांच्या उत्तराला ती पुरतात. जागा उरलीच तर चौथ्या मुद्द्यात डॉ. आंबेडकर येऊ शकतात, पण तिथे एक सापळा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात अनुकरणाची कल्पना आहे. ते वाचून मुलं बेधडक लिहितात, ‘संस्कृतीकरणाची संकल्पना आंबेडकरांनी श्रीनिवासांच्या आधीच मांडली होती.’ हे बरोबर नाही. आंबेडकरांच्या मांडणीत जात म्हणजे जातीतल्या जातीत विवाह करून स्वतःला बंद करून घेतलेला गट. एका वर्गाने दार लावलं, काहींनी त्याचं पाहून लावलं, तर काहींना ते आपल्यासाठी लागलेलं आढळलं. म्हणजे अनुकरण झालं ते दार लावण्याचं, आणि त्यातून जाती तयार झाल्या. श्रीनिवासांकडे जाती आधीच आहेत आणि अनुकरण होतं ते वर चढण्यासाठी. शब्द एकच असला तरी प्रश्न वेगळे आहेत. हा फरक एका वाक्यात लिहिलात तर आंबेडकरांचं नाव उत्तरात काम करतं. लिहिता येत नसेल, तर नाव गाळलेलं बरं.

तपासा: प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून पाहा: काय म्हटलं, कुठे किंवा कशाच्या आधारे म्हटलं, आणि माझ्या कुठल्या मुद्द्यासाठी. दुसरा रकाना रिकामा असला तर चालेल. तिसरा रिकामा असला तर नाव खोडा.

सावध: अवतरणचिन्हं जपून वापरा. मूळ वाक्य शब्दशः माहीत नसेल, तर ‘श्रीनिवास यांच्या मते’ म्हणून आपल्या शब्दांत लिहा. आपणच केलेला अनुवाद अवतरणात घालून विचारवंताच्या नावावर खपवणं, हे मराठी माध्यमात फार होतं. तसंच परक्याचं श्रेय भलत्याला जातं. ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्तेअरचं वाक्य म्हणून शेकडो कॉप्यांत येतं. ते त्याच्या चरित्रकार एव्हलिन हॉल यांनी १९०६ साली त्याची वृत्ती सांगताना लिहिलेलं आहे.

## टप्पा ४: उदाहरणात हालचाल दाखवा

सगळ्यात जास्त गुण इथे गळतात. ‘उदा. यादव, लिंगायत, नाडर’ अशी यादी उदाहरण म्हणून चालत नाही. त्या जातींनी काय केलं, त्याआधी काय घडलं, पुढे काय झालं, हे न सांगता फक्त नावं टाकली, तर मुद्दा होता तिथेच राहतो.

उदाहरणात निदान दोन क्षण हवेत, आधीचा आणि नंतरचा, आणि मधे कारण. बिसिपारा घ्या. तिथल्या दारू गाळणाऱ्या जातीच्या हाती ब्रिटिश अमलात दारूच्या धंद्यातून पैसा आला. तो जमिनीत गेला. जमीन आल्यावर त्यांनी वरच्या जातींच्या चालीरीती धरल्या आणि गावातलं त्यांचं स्थान वर सरकलं. त्याच गावात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या काही लोकांकडेही पैसा आला आणि त्यांनीही आचार बदलले, पण त्यांना वरचं स्थान मिळालं नाही. अस्पृश्यतेची रेघ आडवी आली.

हे उदाहरण का चांगलं आहे, ते पाहा. एकाच गावातल्या दोन जाती, दोघींकडे पैसा, दोघींनी आचार बदलले आणि निकाल मात्र उलटा. तिसरा आणि चौथा हे दोन्ही मुद्दे यातून सिद्ध होतात. अशी जोडीची उदाहरणं मिळाली की जपून ठेवा.

आता पाचवा मुद्दा, महाराष्ट्राचा. कोल्हापुरात १८९९-१९००च्या सुमारास वेदोक्त प्रकरण पेटलं. शाहू छत्रपतींचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला आणि वाद क्षत्रियत्वाचा झाला. मराठा समाजातल्या पुढाऱ्यांनी त्या काळात क्षत्रिय दर्ज्याचा आग्रह धरला. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच समाजातून सामाजिक मागासलेपण मान्य करण्याची आणि कुणबी दाखल्यांची मागणी होते. २०१८ साली राज्याने मागास प्रवर्ग म्हणून आरक्षणाचा कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो ५ मे २०२१ रोजी रद्द केला. या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध इथे एक शब्दही लिहायचा नाही. दाखवायचं एवढंच की तेव्हा संधी धार्मिक दर्ज्यातून येत होती, आता राज्यसंस्थेच्या यादीतून येते. म्हणून दाव्याची दिशा पालटली.

हाच दाखला आपल्याला इतका परिचयाचा असतो की मुलं ‘मराठा-कुणबी प्रश्न’ एवढेच तीन शब्द लिहून पुढे जातात. तपासणाऱ्याला संदर्भ ठाऊक असेलही, पण तुम्हाला तो उलगडता येतो का, हेच तो पाहत असतो.

तपासा: उदाहरणातून ठिकाण आणि जातीचं नाव काढून दुसरं काहीही घातलं तरी वाक्य तसंच खरं राहत असेल, तर ते उदाहरण नव्हे. ‘अनेक जातींनी संस्कृतीकरण केले, उदा. क्ष’ हे वाक्य कुठल्याही क्षला चालतं. बिसिपाराचं वाक्य फक्त बिसिपाराला चालतं.

## टप्पा ५: दुवा लिहा

आता सांधा. आधी बिघडलेला परिच्छेद वाचा. असे परिच्छेद मी आठवड्याला दहा-बारा तरी वाचतो:

> एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली. एफ. जी. बेली, आंद्रे बेतेई, योगेंद्र सिंग, लुई द्युमाँ यांनीही जातीवर महत्त्वाचे विचार मांडले आहेत. बेली यांनी बिसिपारा गावाचा अभ्यास केला. उदा. दारू गाळणारी जात. त्यामुळे संस्कृतीकरण महत्त्वाचे आहे.

यात चुकीचं असं जवळजवळ काही नाही. पण ‘त्यामुळे’ कशामुळे? बेलींच्या गावावरून संस्कृतीकरण महत्त्वाचं ठरतं की अपुरं ठरतं? लिहिणाऱ्यालाच ते ठरवता आलेलं नाही. तेच साहित्य सांधल्यावर असं दिसतं:

> आचार बदलल्यामुळे स्थान वर गेले, असे संस्कृतीकरण सुचवते. परंतु बदलाची सुरुवात बहुधा अर्थकारणात होते. बेली यांना ओडिशातील बिसिपारा गावात आढळले की दारू गाळणाऱ्या जातीने धंद्यातील पैसा जमिनीत गुंतवला आणि त्यानंतरच उच्च जातींचे आचार स्वीकारून वरचे स्थान मिळवले. त्याच गावात पैसा मिळवलेल्या अस्पृश्य जातीला मात्र आचार बदलूनही ते मिळाले नाही. म्हणजे संस्कृतीकरण हा गतिशीलतेचा उगम नसून, आधी मिळालेल्या बळावर उमटवलेली सामाजिक मोहोर आहे. आणि अस्पृश्यतेच्या रेषेपलीकडे ती मोहोरही नाकारली जाते.

पहिल्या परिच्छेदात पाच नावं होती, दुसऱ्यात एक आहे. शेवटच्या वाक्यात नवी माहिती काहीच नाही, तरी सगळं उत्तर त्याच्यावर उभं आहे. हाच दुवा. प्रश्नातल्या ‘कितपत पुरेशी’ या शब्दांना तो उत्तर देतो.

दुवा लिहिताना अडलात तर स्वतःला विचारा, ‘बरं, मग?’ बिसिपारात असं झालं, बरं, मग? जे तोंडातून येईल तेच लिहा. ‘म्हणजे’, ‘यावरून’, ‘इथे मात्र’ अशा शब्दांनी वाक्य सुरू करायची सवय लावा, म्हणजे ते आपोआप प्रश्नाकडे वळतं.

पुढचा परिच्छेद याच टोकापासून उचलायचा: ही मोहोर नाकारली गेल्यावर लोकांनी काय केलं? आग्र्याच्या जाटवांनी आधी क्षत्रियत्वाचा दावा केला होता. पुढे तो सोडून ते बौद्ध धम्म आणि रिपब्लिकन राजकारणाकडे वळले. लिंच यांच्या मते राजकीय सहभागाने संस्कृतीकरणाची जागा घेतली. इथेच १४ ऑक्टोबर १९५६चं नागपूरचं धर्मांतर एका वाक्यात येतं, जिना चढण्याऐवजी जिनाच नाकारल्याचा दाखला म्हणून.

सावध: टॉपरच्या कॉपीतला दुवा जसाच्या तसा उचलू नका. त्याचा प्रश्न वेगळा असतो. त्याच्या प्रश्नात ‘चर्चा करा’ असेल, तुमच्या प्रश्नात ‘पुरेशी आहे का’ असेल. विचारवंत तेच राहतील, उदाहरणही राहील, पण दुवा नव्यानेच लिहावा लागेल. एकाच उत्तराच्या पाच कॉप्या का हव्यात, ते इथे कळतं. त्याच बिसिपाराला पाच जणांनी पाच दिशांना वळवलेलं दिसतं.

## टप्पा ६: राज्यशास्त्रात हेच करताना

पद्धत तीच, पण राज्यशास्त्रात एक वेगळी अडचण येते. एकच उदाहरण दोन-तीन सिद्धांतांत बसल्यासारखं दिसतं आणि मुलं ते चुकीच्या खणात टाकतात.

सत्तेची तीन परिमाणं घ्या. रॉबर्ट डाल यांनी न्यू हेवन शहरात कोणाचा निर्णय प्रत्यक्षात ठरतो ते पाहिलं; पुस्तक १९६१चं. बॅकरॅक आणि बॅराट्झ यांनी पुढच्याच वर्षी म्हटलं की कोणता प्रश्न चर्चेला येऊच द्यायचा नाही, यातही सत्ता असते. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ साली तिसरं परिमाण जोडलं, लोकांच्या इच्छाच अशा घडवणं की तक्रार उद्भवतच नाही. इथे नावं आपोआप रांगेत येतात, कारण प्रत्येक जण आधीच्याला खोडतो. या रांगेतला एकही गाळता येत नाही, आणि बाहेरचा घालावा लागत नाही.

आता उदाहरण. हमखास येणारं म्हणजे ‘सरपंचपती’. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने त्या २०११ साली निम्म्या केल्या. तरी कारभार नवराच पाहतो. मुलं हे सरळ ल्यूक्सच्या तिसऱ्या परिमाणाखाली लिहितात. बसतं का ते?

सरपंच बाईंना ग्रामसभेत पाण्याचा विषय मांडायचा होता, नवऱ्याने विरोध केला आणि त्याचंच चाललं, तर ते डालचं परिमाण. संघर्ष उघड आहे, कोण जिंकलं तेही दिसतं. तो विषय विषयपत्रिकेवर येणारच नाही अशी व्यवस्था आधीच झाली असेल, तर ते दुसरं. आणि ‘कारभार हे पुरुषाचंच काम, मी फक्त सही करते, त्यात वावगं काय?’ असं बाईंना स्वतःलाच मनापासून वाटत असेल, तरच ते तिसरं. घटना एकच आहे. तुम्ही तिच्यातला कोणता तपशील सांगता, त्यावर खण ठरतो. ‘उदा. सरपंचपती’ एवढंच लिहिलंत तर तिन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्या परिमाणाला परदेशी दाखला हवा असेल, तर मॅथ्यू क्रेन्सन यांचा १९७१चा अभ्यास फार नेमका आहे. अमेरिकेतली गॅरी आणि ईस्ट शिकागो ही शेजारची दोन औद्योगिक शहरं, दोन्हींची हवा घाण. ईस्ट शिकागोने १९४९ साली हवेच्या प्रदूषणाविरुद्ध नियम केला, गॅरीत तो १९६२ साली आला. गॅरीवर एकाच मोठ्या पोलाद कंपनीची छाया होती आणि तिने उघड काही न करताच विषय दबून राहिला. इथेही बिसिपारासारखीच जोडी आहे. ल्यूक्स यांनीही हा दाखला वापरला आहे, त्यामुळे दुसऱ्यातून तिसऱ्या परिमाणाकडे जाण्याचा पूल म्हणून तो छान बसतो.

## टप्पा ७: कार्ड आणि घड्याळ

एका पेपरला २५० गुण आणि तीन तास. दहा गुणांच्या, दीडशे शब्दांच्या उत्तराला सात मिनिटं मिळतात. त्या सात मिनिटांत उदाहरण शोधायला वेळ नसतो, ते आधीच मुद्द्याला बांधलेलं असावं लागतं. म्हणून कार्ड विचारवंताच्या नावाने करू नका, मुद्द्याच्या नावाने करा. माझं एक कार्ड असं आहे:

> मुद्दा: आचाराआधी पैसा येतो.
> कोण: बेली, बिसिपारा, १९५७.
> काय झालं: दारू, मग जमीन, मग आचार, मग दर्जा. अस्पृश्यांना शेवटची पायरी नाही.
> कुठे चालेल: संस्कृतीकरण, जात व वर्ग, ग्रामीण बदल, अस्पृश्यता.

दुव्याची ओळ कार्डावर मुद्दाम नाही. ती लिहून ठेवली की परीक्षेत प्रश्न न वाचताच उतरवली जाते.

दहा गुणांना एक, फार तर दोन नावं आणि एक उलगडलेलं उदाहरण, एवढंच बसतं. वीस गुणांना तीन-चार नावं, दोन-तीन उदाहरणं. उदाहरण दोन वाक्यांत संपवा, दुव्याला एक वाक्य ठेवा.

मराठी माध्यमासाठी एक सूचना. वैकल्पिकची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते, त्यामुळे संज्ञेचा मराठी पर्याय आपल्यालाच ठरवावा लागतो आणि तो संपूर्ण पेपरभर एकच ठेवावा लागतो. पहिल्या पानावर ‘वर्चस्व’, तिसऱ्यावर ‘प्रभुत्व’ आणि पाचव्यावर ‘अधिसत्ता’ लिहिलंत, तर ग्राम्शीची एकच संकल्पना तीन वाटू लागते. तांत्रिक संज्ञेपुढे कंसात इंग्रजी प्रतिशब्द द्यायला आयोगाची परवानगी आहे, पण फक्त तांत्रिक संज्ञेपुढे. तिचा गैरवापर केला तर एकूण गुणांतून वजावट होते, असंही नियमात आहे. अख्खं वाक्य कंसात इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हे वाचावं. विचारवंतांची नावं देवनागरीत लिहा आणि एकच वर्णलेखन ठरवून ठेवा.

## टप्पा ८: लिहून झाल्यावरची खोडाखोड

सरावाचं उत्तर लिहून झालं की दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन त्यातली सगळी नावं खोडा. फक्त नावं. मग वाचा. युक्तिवाद तसाच उभा राहिला तर उत्तर पक्कं आहे, आणि नावं परत घातली की ती शोभतील. जिथे वाक्यच कोसळतं, उदाहरणार्थ ‘____ यांनीही जातीवर विचार मांडले’, ती अख्खी ओळ काढा. त्या जागी एक दुवा बसतो.

नंतर उलट करा. नावं ठेवा आणि उदाहरणं खोडा. काहीच बिघडलं नाही, तर उदाहरणं शोभेची होती. मग टप्पा ४वर परत जा.

शेवटी तुमच्या उत्तरावरही समासात मु, वि, उ, दु लिहा आणि पहिल्या दिवशी खुणा केलेली कॉपी शेजारी ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पहिल्या उत्तरात ‘दु’ बहुधा एकही नसतो. दहाव्या-बाराव्या उत्तरापर्यंत तीन-चार दिसायला लागतात, आणि तोवर ‘वि’ आपसूकच निम्म्यावर आलेले असतात.